माळ्यावरचा नास आणि कऱ्हाडचा लॅपटॉप : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कोथरूडमधल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, तांत्रिक घटनाक्रम मात्र जसाच्या तसा. मी त्यांना दादा म्हणतो. हिशेब, गिऱ्हाइकं आणि घरातली सगळी पासवर्डं सांभाळतात त्या वहिनी. तिसरा माणूस कऱ्हाडचा. तो अल्बमचं एडिटिंग करतो आणि महिन्यातून एखाद वेळीच पुण्याला येतो.

## पार्श्वभूमी

बेडरूमच्या माळ्यावर दोन डिस्कचा एक नास, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला फायली साठवायचा डबा. प्रत्येक डिस्क ४ टीबीची, दोन्हीवर तीच माहिती. म्हणजे जागा ४ टीबीचीच, पण एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही. नासचा घरातला पत्ता 192.168.1.10. फायबर कनेक्शन होतं आणि त्यावर वर्षाचे जादा पैसे भरून घेतलेला स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेटचा पत्ता होता.

स्टॅटिक आयपी घेतला तो गिऱ्हाइकांसाठी. चार वर्षांपूर्वी एका नवरीच्या वडिलांनी फोटो बघायची घाई केली. तेव्हा दादांनी कोणाकडून तरी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून घेतलं. बाहेरून आयपी आणि पोर्ट टाकला की थेट नासचं लॉगिन पान उघडायचं. काम झालं, फोटो गेले, दार उघडंच राहिलं. पुढे कऱ्हाडचा एडिटरही त्याच दारानं यायला लागला.

## अडचण कशी कळली

वहिनींच्या कानांमुळे. "रात्री दोनला पण तो डबा कुरकुरतोय रे. आधी झोपायचा." नासच्या डिस्क वीस मिनिटं काम नसेल तर थांबतात, तशी सेटिंग होती. महिनाभर त्या थांबतच नव्हत्या.

लॉग उघडला तर कारण समोर होतं. `admin` या नावानं लॉगिनचे फसलेले प्रयत्न, दर काही सेकंदांनी एक, दिवसरात्र. प्रत्येक प्रयत्नाची नोंद डिस्कवर लिहिली जाते, म्हणून डिस्क झोपत नव्हत्या. पाच चुकीचे पासवर्ड आले की तो पत्ता बंद करायची सोय नासमध्ये चालू होती, पण तिचा उपयोग होत नव्हता. एकेका पत्त्यावरून दोनतीनच प्रयत्न व्हायचे आणि मग दुसऱ्या देशातला दुसरा पत्ता पुढे यायचा.

दादांचं म्हणणं, "पासवर्ड चांगला आहे ना? मग करू देत प्रयत्न." यात तथ्य आहे, पण अर्धंच. पासवर्ड ओळखून आत येणं ही एक वाट. दुसरी वाट म्हणजे लॉगिनच्या आधीच नासच्या सॉफ्टवेअरमधली चूक वापरून शिरणं, तिथे पासवर्ड कोणी विचारतच नाही. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामनं इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नास गाठून फायली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. त्या लोकांचे पासवर्ड कच्चे होते म्हणून ते घडलं नाही. हे सांगितल्यावर दादा गप्प झाले, कारण माळ्यावर अजून न दिलेली सात लग्नं होती.

आत कोणी शिरलं होतं का, हे आधी तपासलं. वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी नाव नाही, ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत नवी भर नाही, आपण न टाकलेलं ॲप नाही, यशस्वी लॉगिन सगळी ओळखीची. सुटलो होतो.

मग राउटरमधला फॉरवर्डचा नियम काढला आणि इथे मी पहिल्यांदा फसलो. घरच्या वायफायवरून स्टॅटिक आयपी टाकून पाहिला, पान उघडलं नाही. झालं म्हणून चहा प्यायलो. जाता जाता जिन्यात फोनच्या मोबाइल डेटावर तोच पत्ता टाकला, तर लॉगिन पान हजर! नासमध्ये यूपीएनपीनं राउटरला 'माझं पोर्ट उघड' सांगायची सोय चालू होती. मी हातानं काढलेली खिडकी नासनं स्वतःच परत उघडली होती. घरातून केलेली चाचणी फसवी निघाली, कारण बरेच राउटर घरातूनच स्वतःच्या बाहेरच्या पत्त्यावर जाऊ देत नाहीत, मग ते पोर्ट उघडं असो वा बंद. यूपीएनपी नास आणि राउटर दोन्हीकडे बंद केलं, राउटर बंद करून चालू केला आणि परत मोबाइल डेटावर पाहिलं. या वेळी खरंच बंद होतं. त्या रात्री डिस्क झोपल्या.

## कोणाला खरंच आत यायचंय?

दार बंद झालं तसे फोन सुरू झाले. पर्याय मोजण्याआधी वहिनींनी एक कागद घेतला आणि नासची गरज कोणाला ते लिहिलं. प्रकरणातला सगळ्यात कामाचा अर्धा तास तोच, असं मला आजही वाटतं.

गिऱ्हाइकांना नास नकोच होता. त्यांना हवे असतात निवडलेले तीनशे-चारशे जेपीजी, तेही एकदाच. ते कुठल्याही क्लाउड ड्राइव्हवर टाकून लिंक देता येते. बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत खासगी बोगदा, म्हणजे टनेल, काढून देणारं व्हीपीएन नवरीच्या आजोबांच्या फोनवर बसवायला कोणी जाणार नव्हतं. उरले तिघं, म्हणजे दादा, वहिनी आणि कऱ्हाडचा एडिटर, मिळून पाच उपकरणं. ज्या कारणासाठी दार उघडलं ते कारणच यादीतून गेलं आणि प्रश्न बराच लहान झाला.

## पर्याय

पहिला पर्याय दादांचा: पोर्ट उघडंच ठेवायचं, पण आकडा बदलायचा, दोन टप्प्यांचं लॉगिन लावायचं आणि `admin` बंद करायचा. यानं लॉगमधली गर्दी कमी झाली असती. नासचं सॉफ्टवेअर मात्र जगासमोरच राहिलं असतं आणि प्रत्येक अपडेट वेळेत टाकायची जबाबदारी वहिनींवर आली असती.

दुसरा, नास बनवणाऱ्या कंपनीची मधली सेवा. घरात पोर्ट उघडावं लागत नाही, सोपं आहे. पण ती बहुतेक वेळा शेवटी तेच लॉगिन पान इंटरनेटवर आणून देते, फक्त कंपनीच्या दारातून.

तिसरा, घरात स्वतःचा वायरगार्ड हा व्हीपीएन. एक यूडीपी पोर्ट उघडावं लागतं. पण त्या पोर्टावर योग्य किल्लीशिवाय काहीही पाठवलं तर उत्तरच येत नाही, 'चूक आहे' असंही नाही. पोर्टं चाचपणाऱ्याला तिथे कोणी राहतं हेच कळत नाही. लॉगिन पान आणि हे दार यांत हाच मोठा फरक. लिनक्सच्या गाभ्यात वायरगार्ड २०२० पासून, ५.६ आवृत्तीपासून आहे, त्यामुळे जुन्या रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालतो.

चौथा, टेलस्केलसारखी सेवा. आतून तो वायरगार्डच, पण उपकरणांची एकमेकांशी गाठ घालायचं काम कंपनीचा सर्व्हर करतो. घरात एकही पोर्ट उघडायचं नाही, स्टॅटिक आयपीही नको. बदल्यात गाठ घालणाऱ्या त्या तिसऱ्यावर आणि ज्या खात्यानं लॉगिन करता त्यावर भिस्त.

निवड तिसऱ्याची झाली आणि कारण पक्कं पुणेरी होतं. स्टॅटिक आयपीचे पैसे वर्षभराचे भरून झाले होते. मीही जोर लावला नाही, मला वायरगार्ड हाताखालचा.

वायरगार्ड नासवरच चालवावा का, हाही प्रश्न आला. जमलं असतं, पण मला दार आणि तिजोरी एकाच लोखंडाची नको होती. दादांच्या कपाटात धूळ खात पडलेला रास्पबेरी पाय काढला, नासशेजारी ठेवला आणि राउटरमधून फक्त यूडीपी 51820 त्याच्याकडे वळवलं.

## कऱ्हाडला डीव्हीआर का दिसला

घरी आणि मोबाइल डेटावर सगळं चाललं. एडिटरला त्याच्या मॅकबुकसाठी फाइल पाठवली. तासाभरानं फोन आला. "दादा, व्हीपीएन हिरवा दिसतोय, पण नास टाकला की कॅमेऱ्यांचं लॉगिन येतंय."

कॅमेरे दादांकडे नव्हतेच. ते त्याच्या घरातल्या डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याचं पान होतं. त्याचंही राउटर 192.168.1 असेच पत्ते वाटत होतं आणि डीव्हीआरला 192.168.1.10 मिळाला होता. लॅपटॉपला 192.168.1.10 हा शेजारच्या खोलीतही दिसत होता आणि टनेलच्या पलीकडेही. त्या मॅकनं जवळचा धरला. दोन सारख्या रस्त्यांत कोणता जिंकतो हे ऑपरेटिंग सिस्टिमवर ठरतं, म्हणून दुसऱ्या कोणाच्या विंडोजवर हेच कदाचित चाललंही असतं. तेही वाईटच, कारण मग त्याच्या स्वतःच्या घरातली उपकरणं त्याला दिसेनाशी होतात.

ओळखलं कसं ते सांगतो, कारण 'कनेक्टेड' हा शब्द इथे दिशाभूल करतो. पायवर `sudo wg show` टाकलं:

```
latest handshake: 38 seconds ago
transfer: 21.40 KiB received, 18.72 KiB sent
```

हँडशेक ताजा, म्हणजे किल्ल्या बरोबर, पोर्ट बरोबर, टनेल जिवंत. पण तो नासचं पान उघडायचा प्रयत्न करत असताना आकडे जवळजवळ हलत नव्हते, फक्त टनेल जागा ठेवणारी चिमूटभर पाकिटं येत होती. त्याचा डेटा टनेलमध्ये शिरतच नव्हता. मग त्याला वायफाय सोडून फोनच्या हॉटस्पॉटवर यायला सांगितलं. हॉटस्पॉटचे पत्ते वेगळे असतात, त्यामुळे नास लगेच उघडला. वायफायवर परत गेला की परत डीव्हीआर. निदान पक्कं झालं.

दोन उपाय होते. टनेलमधून सगळी 192.168.1 ची मालिका न पाठवता फक्त नासचा एकच पत्ता पाठवायचा. जास्त नेमका रस्ता सहसा जिंकतो, म्हणून पाच मिनिटांत काम झालं असतं. पण त्याचा डीव्हीआर नेमका त्याच पत्त्यावर होता. उद्या दादा एखाद्या मंगल कार्यालयाच्या वायफायवर बसतील तिथे आणखी काही निघेल. दुसरा उपाय, दादांच्याच घराचे पत्ते बदलायचे. यात प्रिंटर, टीव्ही आणि वहिनींच्या लॅपटॉपवरचे नासचे सगळे शॉर्टकट मोडणार होते. वहिनी म्हणाल्या, "एकदाच त्रास होणार असेल तर आज होऊ दे." घराला 192.168.77 ही मालिका दिली. संध्याकाळ गेली, त्यातला निम्मा वेळ प्रिंटरनं खाल्ला.

एडिटरची शेवटची फाइल अशी:

```
[Interface]
PrivateKey = <त्याची खासगी किल्ली>
Address = 10.77.0.3/32

[Peer]
PublicKey = <पायची सार्वजनिक किल्ली>
Endpoint = <स्टॅटिक आयपी>:51820
AllowedIPs = 192.168.77.10/32
PersistentKeepalive = 25
```

`AllowedIPs` मध्ये एकच पत्ता आहे, त्यामुळे नास सोडून त्याचं बाकी इंटरनेट कऱ्हाडच्या लाइनवरूनच चालतं. मात्र ही मर्यादा त्याच्या लॅपटॉपवर आहे आणि फाइल बदलून तो ती उठवू शकतो. म्हणून पायच्या फायरवॉलमध्येही टनेलमधून फक्त नासकडेच जाता येईल असा नियम घातला. हा नियम पायवरच हवा.

## एकाची चूक, सगळे बाहेर

दीड महिना शांततेत गेला. मग एका सकाळी दादा नाशिकहून: "नास बंद पडलाय." एडिटरलाही लागत नव्हता. वहिनी घरी, त्यांचं मात्र सुरळीत. टनेल जिवंत, आकडे हलत होते.

मी पायवर सोपा मार्ग घेतला होता, मास्करेड. टनेलमधून आलेलं प्रत्येक पाकीट पाय स्वतःच्या पत्त्यानं पुढे पाठवतो. त्यामुळे नासला वेगळं काही शिकवावं लागत नाही, पण नासच्या दृष्टीनं बाहेरचे सगळे एकच, 192.168.77.5. एडिटरनं पासवर्ड बदलला होता आणि त्याच्या मॅकमध्ये जुना साठवलेला होता. मॅकनं आपला आपण पाच वेळा प्रयत्न केला. नासनं शहाण्यासारखा तो पत्ता बंद केला आणि त्याबरोबर दादांनाही.

पत्ता मोकळा करणं मिनिटाचं काम. खरी दुरुस्ती अशी की मास्करेड काढला आणि नासच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एक रस्ता हातानं लिहिला: 10.77.0.0/24 कडे जायचं तर 192.168.77.5 मार्गे. आता लॉगमध्ये 10.77.0.3 म्हणजे एडिटर, 10.77.0.2 म्हणजे दादांचा फोन, असं वेगवेगळं दिसतं. बंद झाला तर ज्याची चूक तोच होतो.

## निष्पत्ती

दार बंद झाल्यापासून नासच्या लॉगमध्ये अनोळखी पत्ता एकही नाही. फसलेली लॉगिनं आहेत, सगळी घरच्यांचीच.

वेगाची अपेक्षा मात्र दादांची जास्त होती. कऱ्हाडची लाइन ५० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला जेमतेम ६ एमबी. ४० एमबीची एक रॉ फाइल साडेसहा सेकंदांत येते, ते ठीक. पण लग्नाच्या तीन हजार फ्रेम म्हणजे १२० जीबी, त्याला पाच तासांहून जास्त. व्हीपीएननं नळ मोठा होत नाही. आता पूर्ण लग्न डिस्कवर भरून एसटीनं जातं आणि राहिलेल्या फ्रेम, दुरुस्त्या, तयार पानं टनेलमधून ये-जा करतात.

गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते. ती आल्यावर पाय आपोआप उठायचा, नास नाही. नासमध्ये 'वीज आल्यावर स्वतः सुरू हो' ही खूण राहिली होती, तीही केली.

आणि एक घोटाळा घरचाच. नूतनीकरणाच्या वेळी प्लॅनचे पैसे भरले गेले, स्टॅटिक आयपीचे वेगळे भरायचे राहिले. टनेल मेला, हँडशेकच होईना. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता 100.72 नं सुरू होणारा दिसत होता. 100.64 पासून 100.127 पर्यंतची मालिका कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवायला वापरतात. तिथे तुमचं पोर्ट फॉरवर्ड कितीही बरोबर असलं तरी बाहेरून हाक पोहोचतच नाही. पैसे भरले, दोन दिवसांनी पत्ता परत आला. ते दोन दिवस मी पायवर टेलस्केल बसवून भागवले. त्याला काही फरक पडला नाही, तो अशा पत्त्यामागूनही चालतो. तो तसाच ठेवला आहे. फक्त पायच्या किल्लीची मुदत बंद केली, नाहीतर ती नेहमीच्या सेटिंगनं १८० दिवसांत संपते आणि तेव्हा आपण नेमके घराबाहेर असतो.

## परत करायचं झालं तर

स्टॅटिक आयपीचे पैसे भरून झालेत म्हणून वायरगार्ड, हा निर्णय आज मी तसा घेणार नाही. पैसे आधीच गेले होते, ते कारण होऊ शकत नव्हतं. तिघांसाठी टेलस्केलनं सुरुवात केली असती आणि पुढच्या वर्षी स्टॅटिक आयपी सोडून दिला असता. ज्याला मधला तिसरा नकोच, त्यानं जरूर स्वतःचा वायरगार्ड चालवावा. दादांना त्याचं काही वाटत नव्हतं, मला वाटत होतं आणि मी माझी आवड त्यांच्या गरजेवर लादली.

घराचे पत्ते मी पहिल्याच दिवशी बदलायला हवे होते. 192.168.1 आणि 192.168.0 या मालिका इतक्या घरांत आहेत की टक्कर होणारच होती. मास्करेडचंही तेच. मला तो सापळा माहीत होता, घाई होती म्हणून टाळला नाही.

एक गोष्ट या सगळ्यानं सुटलेली नाही. एडिटरच्या मॅकमध्ये काही घाण शिरली तर ती त्याच टनेलमधून त्याच्या अधिकारात नासपर्यंत पोहोचेल. म्हणून त्याला फक्त चालू कामाच्या फोल्डरमध्ये लिहिता येतं, जुनी लग्नं नुसती वाचता येतात. दोन डिस्क सारख्या असणं म्हणजे बॅकअप नव्हे, हे दादांना पटायला वेळ लागला. आता महिन्यातून एकदा तिसरी डिस्क भरून वहिनींच्या माहेरी, सदाशिव पेठेत जाते.

परवा एडिटरनं जुना मॅक विकला आणि विकून झाल्यावर सांगितलं. वायरगार्डची फाइल त्यात तशीच होती. पायवर त्याच्या जुन्या किल्लीचा `[Peer]` काढला, सेवा परत सुरू केली, `wg show` मध्ये पाचाचे चार झाले. नव्या लॅपटॉपसाठी नवी किल्ली बनवली. वहिनींनी कागदावरच्या यादीत जुन्या नावावर काट मारली.